हे कधी कळलं?

समजा, भोसरीच्या एमआयडीसीत एक लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिनं १ एप्रिल २०२० रोजी ६३ लाख रुपयांना एक सीएनसी मशीन घेतलं. मशीन १५ वर्षं चालेल आणि शेवटी विकताना ३ लाख हाती येतील, असं धरलं. म्हणजे उरलेले ६० लाख १५ वर्षांवर वाटायचे, दर वर्षी ४ लाख घसारा. मार्च २०२५ पर्यंत पाच वर्षांत २० लाखांचा घसारा पडला आणि पुस्तकात मशीनची किंमत ४३ लाखांवर आली.

त्याच मार्चमध्ये मशीन बनवणाऱ्या कंपनीचं पत्र येतं. या मॉडेलच्या कंट्रोलरचे सुटे भाग आणखी पाच वर्षंच मिळतील, त्यानंतर नाही. कंट्रोलर गेला की मशीन म्हणजे नुसता लोखंडाचा सांगाडा. १५ वर्षांचं धरलेलं आयुष्य एका पत्रानं १० वर्षांवर आलं.

आता मालकांच्या मनात जो प्रश्न येतो, तो मी ऑडिटच्या टेबलावर अनेकदा ऐकला आहे. "साहेब, मशीन दहाच वर्षं चालणार होतं, तर घसारा वर्षाला ६ लाख घ्यायला हवा होता. आपण ४ घेतला. पाच वर्षांचे १० लाख कमी पडले. ते आता एकदम टाकून हिशेब सरळ करू ना?" प्रश्न प्रामाणिक असतो. हिशेब चोख ठेवायची तळमळ त्यात असते. तरीही उत्तर 'नाही' असंच आहे. मागची पाच वर्षं आहेत तशीच राहतील. पुस्तकात आज उरलेले ४३ लाख, त्यातून शेवटचे ३ लाख वजा, राहिले ४० लाख. ते उरलेल्या पाच वर्षांवर वाटायचे, दर वर्षी ८ लाख. २०२५-२६ पासून ८ लाख घसारा सुरू होईल आणि मार्च २०३० ला मशीन ३ लाखांवर येऊन थांबेल.

असं का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण घसारा म्हणजे काय याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. घसारा हे मशीनच्या बाजारभावाचं मोजमाप नाही आणि नवं मशीन घेण्यासाठी बाजूला ठेवलेला पैसाही नाही. एकदा केलेला खर्च, ते मशीन ज्या ज्या वर्षी उपयोगी पडेल त्या वर्षांवर वाटण्याची ती रीत आहे. ही वाटणी करताना तीन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात: मशीन किती वर्षं चालेल, शेवटी किती पैसे येतील आणि दर वर्षी त्याचा उपयोग कसा होत जाईल. तिन्ही गोष्टी भविष्यातल्या. त्या मोजता येत नाहीत, फक्त अंदाजता येतात. आणि अंदाज खरा की खोटा हे त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवरून ठरतं, पुढं काय घडलं त्यावरून ठरत नाही. २०२०मध्ये १५ वर्षं धरली, तेव्हा ती धरायला आधार होता. कंपनी कायद्याच्या अनुसूची २ मध्ये सर्वसाधारण यंत्रसामग्रीसाठी १५ वर्षंच दिलेली आहेत. त्या पाच वर्षांचे नफा-तोटा पत्रक, त्यावरचा कर, त्यातून दिलेला लाभांश, बँकेनं त्या आकड्यांवर दिलेलं कर्ज हे सगळं त्या वेळच्या माहितीनुसार बरोबर होतं. नवी माहिती मार्च २०२५ मध्ये आली, म्हणून तिचा परिणामही तिथून पुढेच.

उलट वागलो तर काय होईल ते पाहा. १० लाख एकाच वर्षात टाकले, तर २०२५-२६ चा नफा १० लाखांनी खाली येईल आणि वाचणाऱ्याला वाटेल की या वर्षी धंद्यात काहीतरी बिनसलं. पुढची पाच वर्षं मात्र ८ ऐवजी ६ लाखांचा हलका घसारा पडेल. खरं तर कंट्रोलरच्या शेवटच्या पाच वर्षांत तेच मशीन तेच काम करणार आहे आणि न वाटलेला खर्चही तेवढाच शिल्लक आहे. तो पुढच्या वर्षांनी उचलायचा, ही साधी गोष्ट.

इथंच सर्वांत जास्त दिसणारी चूक होते आणि ती एक्सेलच्या एका ओळीत दिसते. अकाउंटंट मालकाला समजावतो की मागचं काही हलवायचं नाही, आणि मग नवा घसारा काढताना मूळ किंमत घेऊन नव्या एकूण आयुष्यानं भागतो:

```
=SLN(6300000,300000,10)
```

याचं उत्तर ६ लाख येतं. पाच वर्षं ६ लाख घेतले की ३० लाख झाले. ४३ मधून ३० गेले, मार्च २०३० ला पुस्तकात १३ लाख उरले, आणि मशीन तर भंगारात ३ लाखांचं. १० लाख कुठं गेले? कुठंही नाही. ते अडकून बसले आणि शेवटी विक्रीच्या दिवशी तोटा म्हणून बाहेर येतील. बरोबर सूत्रात आजची पुस्तकी किंमत आणि उरलेलं आयुष्य असतं:

```
=SLN(4300000,300000,5)
```

उत्तर ८ लाख. तपासायची सोपी खूण अशी: नव्या घसाऱ्याला उरलेल्या वर्षांनी गुणा आणि आजच्या पुस्तकी किमतीतून वजा करा. नेमकी भंगाराची किंमत उरली पाहिजे. उरली नाही, तर सूत्र चुकलं.

दुसरी चूक सॉफ्टवेअर करतं, म्हणजे आपण त्याच्याकडून करवून घेतो. मालमत्तेच्या नोंदवहीत जाऊन आयुष्याच्या रकान्यात १५ च्या जागी १० लिहिलं, तर काही प्रणाली खरेदीच्या तारखेपासून सगळं नव्यानं मोजतात आणि १० लाखांचा फरक चालू महिन्यात टाकतात. आपल्या हातून काही झालं असं वाटतही नाही. एप्रिलच्या घसाऱ्याचा आकडा अचानक दहापट फुगलेला दिसला, तर कारण बहुधा हेच. बदल कोणत्या तारखेपासून लागू करायचा हे सांगून मगच तो भरायचा आणि भरल्यावर पहिल्या महिन्याचा आकडा हातानं काढून पाहायचा. वर्षाला ८ लाख म्हणजे महिन्याला साधारण ६६ हजार ६६७.

आता पद्धतीकडे येऊ, कारण इथं आपल्याकडचा नियमच बदलला आणि जुन्या पिढीच्या अकाउंटंटच्या बोटांत अजून जुना नियम आहे. घसाऱ्याच्या दोन पद्धती सर्वांना माहीत आहेत. स्थिर हप्ता पद्धतीत दर वर्षी सारखी रक्कम पडते, ऑफिसात तिला एसएलएम म्हणतात. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत, म्हणजे डब्ल्यूडीव्हीमध्ये, उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के पडतात, त्यामुळं सुरुवातीला घसारा जास्त आणि पुढं कमी होत जातो.

१० लाखांचं एक मशीन घ्या. आयुष्य १५ वर्षं, शेवटी ५० हजार. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत याचा दर १८.१० टक्के येतो. तीन वर्षांनी पुस्तकात साधारण ५ लाख ४९ हजार उरतात, म्हणजे तीन वर्षांत जवळपास ४ लाख ५१ हजारांचा घसारा. आता कंपनीनं ठरवलं की यापुढं स्थिर हप्ता पद्धत.

२०१६ पूर्वी आपल्याकडे लेखामानक ६ लागू होतं आणि त्यात पद्धत बदलणं हा धोरणातला बदल मानला जाई. म्हणून मशीन घेतल्या दिवसापासून नव्या पद्धतीनं सगळं पुन्हा मोजायचं. स्थिर हप्त्यानं वर्षाला ६३ हजार ३३३ पडले असते, तीन वर्षांचे १ लाख ९० हजार. प्रत्यक्षात पडले होते ४ लाख ५१ हजार. म्हणजे २ लाख ६१ हजार 'जास्त' पडले, ते बदलाच्या वर्षी नफा-तोटा पत्रकात जमा करायचे. एक नवा रुपया धंद्यातून आला नाही, आणि एका मशीनपोटी २ लाख ६१ हजारांचा नफा उभा राहिला. शंभर मशीनं असतील तर हिशेब तुम्हीच करा. मंदीच्या वर्षी पद्धत बदलावीशी का वाटत असे, हे समजायला फार विचार करावा लागत नाही. गंमत म्हणजे त्याच मानकात आयुष्य बदललं तर मात्र पुढच्याच वर्षांवर वाटायला सांगितलं होतं. एकाच घसाऱ्याचे दोन धागे, आणि दोघांना दोन नियम.

२०१६-१७ पासून सुधारित लेखामानक १० आलं, मानक ६ रद्द झालं, आणि पद्धतीतला बदलही अंदाजातला बदल ठरला. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस १६ मध्येही तेच आहे. यामागचा विचार मला पटतो. पद्धत ही आवडीची गोष्ट नाही. मशीनचा उपयोग दर वर्षी कसा खर्ची पडेल याचा तो अंदाजच आहे. तेव्हा वरच्या मशीनचे ५ लाख ४९ हजार, वजा ५० हजार, भागिले उरलेली १२ वर्षं. वर्षाला साधारण ४१ हजार ६००. मागचे ४ लाख ५१ हजार तिथंच राहतील.

पण इथं वाचकानं सावध राहावं. घटत्या शिल्लकेनंच चौथ्या वर्षी ९९ हजारांच्या वर घसारा पडला असता, तो आता ४१ हजार ६०० पडेल. एकरकमी नफ्याचा दरवाजा बंद झाला, पण घसारा अर्ध्याहून खाली आला आणि त्या वर्षीचा नफा ५७ हजारांहून अधिक वाढला. म्हणून मानक म्हणतं की उपयोगाची रीत खरोखर बदललेली असेल तरच पद्धत बदला. 'सगळे स्थिर हप्त्यावर गेले' हे कारण पुरेसं नाही. 'आधी हे मशीन नव्या ऑर्डरींसाठी जोरात चालायचं, आता दर वर्षी सारख्याच तासांचं काम आहे' हे कारण आहे, आणि मशीनच्या लॉगबुकमध्ये ते दाखवता येतं.

मागची वर्षं न हलवता नफा किती हलतो, याचं सर्वांत मोठं उदाहरण गेल्या काही वर्षांत अमेरिकेत घडलं. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिनं जानेवारी २०२३ पासून आपल्या सर्व्हरचं आयुष्य चार वर्षांवरून सहा वर्षं केलं. त्या एका वर्षात घसारा ३९० कोटी डॉलरनं कमी झाला आणि निव्वळ नफा ३०० कोटी डॉलरनं वाढला. २०२२ आणि त्याआधीचे आकडे जिथल्या तिथं राहिले. अॅमेझॉननं जानेवारी २०२४ पासून सर्व्हरचं आयुष्य पाचवरून सहा वर्षं केलं आणि लगेच जानेवारी २०२५ पासून काही सर्व्हर आणि नेटवर्क यंत्रणांचं आयुष्य पुन्हा सहावरून पाच वर्षांवर आणलं. तंत्रज्ञान बदलण्याचा वेग वाढला, हे त्याचं कारण दिलं. वर्षभरापूर्वी वाढवलं आणि आता घटवलं, म्हणून २०२४ चे हिशेब कुणी परत उघडले नाहीत. अंदाज दोन्ही बाजूंना हलू शकतो आणि दोन्ही वेळा तो पुढंच लागू होतो.

मग हवं तेव्हा आयुष्य वाढवून नफा काढायला मोकळीक आहे का? नाही, कारण अंदाज आणि चूक यांत रेषा आहे. अमेरिकेतल्या वेस्ट मॅनेजमेंट या कचरा वाहून नेणाऱ्या कंपनीनं १९९२ ते १९९७ या काळात कचऱ्याच्या गाड्यांचं आयुष्य वाढवून धरलं आणि त्यांची भंगारकिंमत आधाराशिवाय फुगवली, जेणेकरून घसारा कमी पडावा. १९९८ मध्ये कंपनीला मागच्या वर्षांचे नफे १७० कोटी डॉलरनं कमी करून दाखवावे लागले, आणि २००२ मध्ये तिथल्या भांडवल बाजार नियामकानं तिच्या माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांवर फसवणुकीचा दावा केला. तिथं 'यापुढं बदलू' असं म्हणून सुटता आलं नाही. कारण त्या आकड्यांना त्या दिवशीच आधार नव्हता. तो अंदाज नव्हता.

हाच फरक आपल्या भोसरीच्या मशीनवर लावून पाहू. समजा, कंट्रोलरचं ते पत्र मार्च २०२५ मध्ये आलंच नव्हतं. ते मार्च २०२२ मध्ये आलं होतं, २०३० नंतर सुटे भाग मिळणार नाहीत असं त्यात लिहिलं होतं, आणि ते तीन वर्षं मॅनेजरच्या खणात पडून राहिलं. आता सगळं बदलतं. मार्च २०२२ ला मशीन पुस्तकात ५५ लाखांवर होतं. ५५ वजा ३, भागिले आठ वर्षं, म्हणजे २०२२-२३ पासून साडेसहा लाख घसारा पडायला हवा होता. तीन वर्षांत साडेएकोणीस लाख पडायला हवे होते, पडले बारा. साडेसात लाख कमी पडले. ही मागच्या वर्षांची चूक आहे आणि ती मागेच जाऊन दुरुस्त करावी लागते. इंड एएस पाळणाऱ्या कंपनीला मागच्या वर्षाचे तुलनात्मक आकडे आणि सुरुवातीची शिल्लक बदलावी लागेल. लहान कंपनीला हे साडेसात लाख या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात 'पूर्वकाळाची बाब' म्हणून वेगळे दाखवावे लागतील.

यात एक बारकावा आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. दुरुस्ती साडेसात लाखांची आहे, मालक म्हणत होते तशी १० लाखांची नाही. कारण पहिल्या दोन वर्षांत ते पत्र कुणाकडेच नव्हतं. त्या दोन वर्षांचा अंदाज तेव्हा बरोबर होता आणि आजही बरोबरच धरला जातो. चूक मोजतानासुद्धा माहिती हाती आली त्या तारखेच्या मागं जायचं नाही.

दोन मर्यादा सांगून ठेवतो. आयुष्य कमी करणं म्हणजे मूल्य घसरल्याची नोंद नव्हे. त्या मशीनवरची मोठी ऑर्डरच गेली आणि उरलेल्या आयुष्यात ते ४३ लाख वसूल होतील अशी शक्यताच नसेल, तर आधी मूल्यघट तपासून पुस्तकी किंमत एकदम खाली आणावी लागते आणि मग उरलेल्या रकमेवर नवा घसारा. नुकसान पाच वर्षांवर पसरवून सौम्य करायला घसारा वापरता येत नाही. दुसरी मर्यादा उलट्या टोकाची. काही कारखान्यांत मशीन पुस्तकात कधीच भंगारकिमतीवर आलेलं असतं आणि तरी रोज चालत असतं. मालक विचारतात, आयुष्य वाढवून थोडी किंमत परत आणता येईल का? येत नाही. वाटायला काही उरलंच नाही, तर पुढच्या वर्षांना देणार काय? आयुष्याचा आढावा वेळेवर घेतला असता, तर शेवटच्या वर्षांतही थोडा घसारा पडला असता. हा उशीर भरून निघत नाही.

कायद्यानंच एकदा या नियमाला एक फाटा फोडला होता. १ एप्रिल २०१४ पासून जुन्या दरांऐवजी आयुष्यं आली, तेव्हा उरलेली पुस्तकी किंमत उरलेल्या आयुष्यावर वाटायची, हाच नियम होता. पण संगणकाचं आयुष्य तीन वर्षं ठरलं आणि अनेक कार्यालयांतले संगणक त्याहून जुने होते. उरलेलं आयुष्य शून्य, मग वाटायचं कुठं? अशा वेळी ती रक्कम सुरुवातीच्या राखीव नफ्यातून थेट वजा करण्याची मुभा दिली गेली. ती त्या एका संक्रमणापुरतीच होती. आज कुणी तिचा दाखला देऊन घसारा राखीव नफ्यातून वजा करत असेल, तर ते चालणार नाही.

करदात्यांना एक दिलासा. आयकराचा घसारा वेगळा चालतो, मालमत्तांच्या गटावर आणि कायद्यानं ठरवलेल्या दरानं. पुस्तकात ४ चे ८ लाख केले म्हणून कराच्या घसाऱ्यात एक रुपयाही वाढत नाही. दोन्ही हिशेबांत जो फरक पडेल, तो स्थगित कराच्या नोंदीत दिसेल.

शेअर बाजारात पैसे असलेल्या वाचकांनी वार्षिक अहवालात एक गोष्ट पाहावी. नफा अचानक वाढला आणि घसारा अचानक घटला, पण यंत्रसामग्री तेवढीच आहे, असं दिसलं की टिपांकडे वळा. अंदाज बदलला असेल आणि परिणाम लक्षात येण्याजोगा असेल, तर कंपनीला बदलाचं स्वरूप आणि रकमेतला परिणाम सांगावाच लागतो. अनुसूचीपेक्षा वेगळं आयुष्य धरलं असेल, तर ते जाहीर करून तांत्रिक सल्ल्याच्या आधारासह त्याचं समर्थन द्यावं लागतं. ती रक्कम नफ्यातून मनातल्या मनात वजा करा, मग मागच्या वर्षाशी तुलना करा. मागचे आकडे बदललेले नसल्यामुळं ही वजाबाकी वाचकालाच करावी लागते. मागची वर्षं तशीच ठेवण्याच्या नियमाची ही खरी किंमत आहे, आणि मी ती मान्य करतो.

आणि कारखानदारांना एक विनंती. मार्चअखेर मालमत्तेची यादी घेऊन शॉपफ्लोअरवर जा, मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा की हे अजून किती वर्षं चालेल, आणि त्याचं उत्तर तारखेसह लिहून ठेवा. कंट्रोलरचं पत्र आलं असेल, तर ते आल्याच्या दिवसाच्या शिक्क्यासह फाइलला लावा. ऑडिटर घसाऱ्याबद्दल पहिला प्रश्न विचारेल, "हे कधी कळलं?" आणि त्याचं उत्तर त्या शिक्क्यावर असतं.